शेकडा कशावर?

सुंदरराव मास्तरांची चूक सापडली तेव्हा राधाकिशनला इतका आनंद झाला की त्यानं उठून वर्गाचं दार आतून लावून घेतलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं, तरीही लावलं. काही सुखं माणसाला एकट्यालाच भोगायची असतात.

गोष्ट सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातली. पावसानं सलग दगा दिलेला, गावोगाव पाण्याचे टँकर, आणि दूध सोसायटीच्या केंद्रावर निम्म्याच भरलेल्या कॅन. तरी सोसायटीला उमापूरसाठी एक कारकून भरायचा होता आणि त्या एका जागेला एकोणचाळीस अर्ज आले होते. अशा सालात कायम पगाराची नोकरी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी दावणीला जनावर उरलं नाही त्याला विचारावं. म्हणून सोसायटीनं लेखी परीक्षा ठेवली. पेपर काढला निवृत्त मुख्याध्यापक सुंदरराव मास्तरांनी, कारण तालुक्यात गणित म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच. पेपर तपासायला दिले राधाकिशनला. चकलांब्याच्या हायस्कुलात तो दहा वर्षं गणित शिकवत होता.

सोसायटीचे सचिव विठ्ठलराव गठ्ठा देताना म्हणाले होते, "सर, पेपरावर नाव न्हाई, निसते नंबर हायती. संगं मास्तरांची उत्तरसूची हाय. तिच्यात काय खोट दिसली तर तपासायच्या आधी लेखी कळवा. एकदा लाल पेन लागला की मंग सूची पक्की. मागून तक्रार चालायची न्हाई."

राधाकिशननं घरी न जाता शाळेतच गठ्ठा सोडला आणि आधी सूची वाचली. सतरावा प्रश्न वाचून तो थांबला.

'एका व्यापाऱ्याने खरेदीच्या किमतीवर शेकडा २५ चढवून छापील किंमत ठेवली व तिच्यावर शेकडा २० सूट दिली. त्यास शेकडा किती नफा वा तोटा झाला?' आणि खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात उत्तर: 'नफा शेकडा ५.'

पंचवीसातून वीस गेले, राहिले पाच. अरे वा रे गणिती! शंभराची वस्तू, सव्वाशे किंमत लावली. पंचवीस आले ते शंभरावर. पण सूट दिली ती सव्वाशेवर, आणि सव्वाशेचे शेकडा वीस होतात पंचवीस. जेवढे चढवले तेवढेच उतरले. हातात पुन्हा शंभर. नफा नाही, तोटा नाही, काहीच नाही.

त्यानं पुढचं पाहिलं. अठरावा: शेळी ४८० रुपयांना विकली, शेकडा २० नफा झाला, तर खरेदी किती? मास्तरांनी ४८० चे शेकडा वीस काढले, शहाण्णव. वजा केले आणि लिहिलं ३८४. म्हणजे नफा विक्रीवर मोजला. राधाकिशननं पाटीवर ताळा करून पाहिला: ३८४ वर शेकडा वीस ७६ रुपये ८० पैसे, बेरीज ४६० रुपये ८० पैसे. कुठं ४८०? चारशेवर वीस टक्के घातले की मात्र ऐंशी, आणि बरोबर ४८०. शेळी चारशेचीच होती.

एकोणिसावा चक्रवाढ व्याजाचा. दसादशे दहा दरानं दोन वर्षांत रास १२१० झाली, तर मुद्दल किती? मास्तर उलटे उतरले होते: १२१० चे दहा टक्के १२१, ते वजा करून १०८९, त्याचे दहा टक्के वजा करून ९८० रुपये १० पैसे. व्याज चढतं ते वर्षाच्या सुरुवातीच्या रकमेवर, आणि मास्तर काढत होते शेवटच्या रकमेवर! हजारावर शंभर, झाले अकराशे. अकराशेवर एकशेदहा, झाले बाराशे दहा. मुद्दल एक हजार. पाचवी-सहावीच्या पोरानं ताळा केला असता तरी सापडलं असतं. पण मास्तरांनी आयुष्यात कधी ताळा केला नव्हता. 'चढवलं तसं उतरवायचं' हा त्यांचा मंत्र होता, आणि मंत्राला कोण ताळा करतो?

हे मोठे प्रश्न दहा-दहा गुणांचे. तीन प्रश्न, तीस गुण. आणि सतरावा प्रश्न तर राधाकिशनच्या जुन्या ओळखीचा होता. चौदा वर्षं तो त्याच्या छातीत रुतून बसला होता.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात त्यानं अशाच एका सोसायटीच्या कारकुनीची परीक्षा दिली होती. घरची मेंढरं चाऱ्यावाचून मेली होती, बाप हरिबा उरलेली दहा-बारा घेऊन गोदाकाठाला गेलेला, आणि घरात हा, मॅट्रिक झालेला एकुलता एक. पेपर सुंदररावांनीच काढला, सुंदररावांनीच तपासला. हाच प्रश्न, एका आकड्याचाही फरक नाही. राधाकिशननं लिहिलं, 'नफाही नाही, तोटाही नाही.' तीन गुणांनी त्याची नोकरी गेली. तो पेपर घेऊन मास्तरांकडे गेला आणि अदबीनं विचारलं, "मास्तर, माझं कुठं चुकलं?"

भरल्या कचेरीत सुंदरराव हसले होते. "कावून बे, पंचवीस चढवले, वीस उतरवले, राह्यले किती? पाच! तुझ्या मेंढरालाबी कळंल हे. जा, मेंढरं राख. कारकुनी तुमचं काम न्हाई." कचेरीतले सगळे खदखदून हसले. कुणीही सव्वाशेचे वीस टक्के काढून पाहिले नाहीत.

नोकरी गेली म्हणून त्याची आई सारजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिसऱ्या आठवड्यात दगडाची कपची उडाली आणि तिचा उजवा डोळा गेला. पुढं राधाकिशन शिकला, शिक्षक झाला, पक्कं घर बांधलं. पण रोज सकाळी चहाचा कप पुढं करताना आई एका डोळ्यानं अंदाज घेत हात लांबवायची, आणि रोज सकाळी राधाकिशनला ते 'पाच' आठवायचे. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. ज्यांचा निवतो त्यांचा निवो बिचाऱ्यांचा. याचा निवला नव्हता.

म्हणूनच त्यानं वर्गावर एक शिस्त घातली होती. शेकडेवारीचं कुठलंही उदाहरण असो, पोरांनी आकडेमोडीच्या आधी वर एक ओळ लिहायची: 'शेकडा कशावर?' आणि पुढं उत्तर, खरेदीवर, छापील किमतीवर, गेल्या वर्षाच्या राशीवर, जे असेल ते. ज्यानं ती ओळ लिहिली नाही त्याचं उत्तर बरोबर आलं तरी राधाकिशन सर त्याला अर्धेच गुण द्यायचे.

त्या दुपारी त्यानं तिथल्या तिथं पत्र लिहिलं. तिन्ही प्रश्न, तिन्ही चुका, तिन्ही ताळे. चौदा मेची तारीख घातली, शाळेच्या कारकुनाला घरून बोलावून जावक नोंदवहीत नंबर पाडून घेतला, शिक्का मारला. उद्या हे पत्र विठ्ठलरावांच्या टेबलावर पडेल, कमिटीपुढं वाचलं जाईल, आणि गणितातल्या त्या वाघाची शेळी होईल. चारशेवाली शेळी! राधाकिशन एकटाच हसला.

मग चाळा म्हणून त्यानं गठ्ठ्यातले पेपर चाळले. बाविसाव्या नंबरच्या पेपरावर त्याचा हात थबकला. सतराव्या उत्तराच्या डोक्यावर लिहिलं होतं: 'शेकडा कशावर? चढ खरेदीवर. सूट छापील किमतीवर.' आणि 'कशावर'खाली दोन रेघा.

अर्ज करणाऱ्यांत चकलांब्याच्या शाळेतून शिकलेलं एकच माणूस होतं, हे त्याला ठाऊक होतं. गीता. सुंदरराव मास्तरांची धाकटी लेक.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडली ती कायमची. तेव्हापासून ती बापाच्या घरी भाकऱ्या थापत होती आणि आल्यागेल्याची कुजबुज ऐकत होती. महिन्यापूर्वी दाखल्यावर सही घ्यायला ती राधाकिशनकडं आली होती. बापाला ती दादा म्हणायची. "सर, सासरच्या आडनावानं फॉर्म भरलाय. दादांना म्हाईत न्हाई. त्यांना कळलं तर बाहेर पडू द्यायचे न्हाईत. नोकरी लागली तर उमापुरात खोली घेऊन राहीन म्हणते. मला त्या घरात जीव नको झालाय." त्यानं सही केली होती, आणि 'सावकाश लिही, ताळा कर' असंही सांगितलं होतं.

तिनं तसंच केलं होतं. तिन्ही उत्तरं मोत्यासारखी. नफाही नाही, तोटाही नाही. चारशे. एक हजार. आणि प्रत्येकाखाली ताळा.

बापानं सूची काढली, आणि सूचीनुसार लेकीची तिन्ही उत्तरं चूक! राधाकिशन पेपराकडं बघत राहिला आणि त्याच्या मनात हळूहळू दुसराच बेत शिजू लागला. पत्र दिलं तर काय होईल? मास्तर म्हणतील, वय झालं, नजरचूक झाली. लोक म्हणतील, होतं असं. झालं, मिटलं. त्यापेक्षा पत्र द्यायचंच नाही. सूचीप्रमाणं तपासायचं. लेक नापास होईल, पेपर बघायला मागेल, बापाला कळेल. मग लेकीसाठी त्याच माणसाला चारचौघांत उभं राहून म्हणावं लागेल, 'नफाही नाही, तोटाही नाही, हेच बरोबर आहे.' मग आपण विचारायचं, 'आणि त्र्याहत्तरला, मास्तर? तेव्हा काय होतं?' त्यानं मान खाली घातली की पत्र खिशातून काढायचं. पोरीला नोकरी मिळेल, आपल्याला आपलं मिळेल.

पोरीचं नुकसान होणार नाही, असं त्यानं स्वतःला दोनदा बजावलं. एकदा बजावून भागलं नाही, यातच काय ते आलं. पण त्या दिवशी त्याचा ताळा करायला त्याला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं लाल पेन उघडला. बावीस नंबरच्या पेपरावर तीन फुल्या मारल्या. एकूण अठ्ठावन्न. सगळ्यांत वर आला एकतीस नंबर, बहात्तर गुण. त्यानं तिन्ही उत्तरं मास्तरांसारखीच उलट उतरवली होती. मास्तरांचाच कुणी जुना विद्यार्थी असणार.

राधाकिशन घरी गेला. सारजाबाई उंबऱ्यात बसून दाळ निवडत होती. तिच्याजवळ बसून तो म्हणाला, "बाई, मास्तरला आता कळंल."

"काय कळंल?" म्हातारीनं मान वळवून चांगला डोळा त्याच्याकडं केला. "माझा डोळा का माघारी येणार हाय?"

"न्हाई येणार. पर त्याचंबी काईतरी जाऊ दे की."

ती दाळीतले खडे वेचत राहिली.

वीस तारखेला सोसायटीच्या कचेरीत निकाल लागला. कचेरी म्हणजे लांबट खोली, अर्ध्या भागात टेबलं आणि अर्ध्या भागात पेंडीची पोती रचलेली. विठ्ठलराव, कमिटीची चार माणसं, पाहुणे म्हणून सुंदरराव मास्तर, आणि दाराशी उमेदवारांची गर्दी. एकतीस नंबर बंकट नावाच्या मुलाचा निघाला, आणि तो खरंच मास्तरांचा विद्यार्थी होता. मास्तर त्याची पाठ थोपटत असतानाच दारातून आवाज आला, "साहेब, मला माझा पेपर बघायचाय. नंबर बावीस."

सुंदररावांचा हात बंकटच्या पाठीवर तसाच राहिला. "गीते? तू? हितं?"

"मी परीक्षा दिली, दादा."

राधाकिशन भिंतीशी बसला होता. त्यानं खिशातलं पत्र बोटानं चाचपलं. चौदा वर्षं तो याच क्षणाची वाट बघत होता.

विठ्ठलरावांनी पेपर काढून दिला. गीतेनं उभ्या उभ्या वाचला, तीन फुल्यांवर बोट ठेवत गेली आणि म्हणाली, "साहेब, ही तिन्ही उत्तरं बरोबर हायती. ताळा केलाय मी."

"सूचीत तसं न्हाई, बाई," विठ्ठलराव म्हणाले. "मास्तर, तुमची सूची हाय. तुमीच सांगा."

आता! राधाकिशन पुढं सरकून बसला. सुंदररावांनी पेपर हातात घेतला. नजर वरून खाली फिरवली. लेकीचं अक्षर, लेकीचा ताळा. मग चष्मा काढून पुसला आणि टेबलावर पेपर ठेवून शांतपणे म्हणाले, "सूची बरोबर हाय. तिचं चुकलंय."

राधाकिशनला ऐकू आलं ते खरंच वाटेना.

"पंचवीस चढवले, वीस उतरवले, राह्यले पाच. धनगराच्या हाताखाली शिकली, दुसरं काय व्हणार?" मास्तर त्याच्याकडं न बघताच बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, राग नव्हता, चक्क समाधान होतं. "बरं झालं, विठ्ठलराव. घरात काय कमी हाय हिला? गावभर तोंड दाखवत नोकरी करायची! देवानंच अडवलं. चल गं, गाडीत बस."

देवानं नव्हे. राधाकिशननं. ज्या माणसाला उभं जाळायचं म्हणून हा चौदा वर्षं लाकडं रचत होता, त्याच माणसाचं काम यानं स्वतःच्या लाल पेनानं करून दिलं होतं. पोरगी घरात कोंडली गेली तर बापाचा कसला तोटा? तोटा पोरीचा. त्यानं बापलेकीला एकच रक्कम धरलं होतं. उभी जिंदगी मुलांना 'शेकडा कशावर' विचारत आला, आणि स्वतःचा सूड कशावर मोजायचा हे त्याला कळलं नव्हतं.

गीता जागची हलली नाही. ती भिंतीकडं वळली. "सर, वर ओळ लिहिली, ताळा केला. माझं कुठं चुकलं?"

शब्द तेच होते. फक्त या वेळी ते विचारले जात होते त्याला.

राधाकिशन उठला. "तिचं कुटंबी चुकलं न्हाई. सूची चुकली हाय."

"सर," विठ्ठलराव कातावले, "तपासून झाल्यावर तक्रार चालत न्हाई. मी सांगितलंतं तुमाला."

"तपासायच्या आधीची हाय." त्यानं खिशातलं पत्र काढलं. घड्यांच्या कडा मळल्या होत्या. विठ्ठलरावांनी ते वाचलं, जावक नंबर पाहिला, शिक्का पाहिला, तारीख दोनदा पाहिली. मग पोत्यांकडं बघत विचार केला. तो माणूस व्यवहारातला, कागदापेक्षा पोत्यावर त्याचा विश्वास जास्त.

"मास्तर, ही पेंड आमी ऐंशीला आणतो," विठ्ठलराव म्हणाले. "पंचवीस टक्के चढवून शंभर लावतो. सभासदाला वीस टक्के सूट. किती आले?"

सुंदररावांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"गीताबाई, तुमी सांगा."

"सूट शंभरावर. वीस गेले, आले ऐंशी. नफाही न्हाई, तोटाही न्हाई."

"तुमच्या हिशोबानं पाच टक्के नफा, मास्तर. म्हंजे पोत्यामागं चार रुपये. गेल्या साली दोनशे पोती विकली. आठशे रुपये कुठं हायती? दाखवा, आत्ता गल्ल्यात टाकतो."

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. मग अख्खी कचेरी हसायला लागली, तीच ती चौदा वर्षांपूर्वीची खदखद. बंकटसुद्धा तोंड फिरवून हसला. सुंदरराव मास्तरांनी टोपी सारखी केली. ते बाहेर निघाले तेव्हा पोत्याला अडखळले, आणि कुणी हात दिला नाही.

राधाकिशनला हवं होतं ते सगळं त्याला मिळालं. तो बघत होता, आणि त्याला काहीच चव लागत नव्हती.

विठ्ठलरावांनी तिथंच गुण बदलले. बावीस नंबर, अठ्ठावन्न आणि तीस, अठ्ठ्याऐंशी. बंकटचे बहात्तरातून तीस गेले. बाकीचे पेपरही पुन्हा पाहिले, तिच्या वर कुणी गेलं नाही. मग पत्र पुन्हा उचलून त्यांनी विचारलं, "सर, चौदा तारखेचं पत्र. पेपर तपासले पंधराला. म्हंजे चुकीचं हाय हे ठाऊक असून फुल्या मारल्या?"

"हो."

"कावून?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, एका डोळ्याचं. पण ते तिथं सांगावंसं वाटलं नाही. "माझं अन् मास्तरांचं जुनं होतं," एवढंच तो म्हणाला.

"आमाला हे वर कळवावं लागंल. तुमच्या हातात परत पेपर यायचा न्हाई."

"कळवा."

तो बाहेर आला. उन्हात गीता नळाशी उभी होती, नळाला पाणी नव्हतं. हातात नेमणुकीचा कागद. राधाकिशन तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ते त्यानं दारापर्यंत ठरवलं होतं, ते सगळं विसरला.

"गीता, मी पत्र देणारच होतो. तुझी नोकरी जाऊ देणार नव्हतो."

तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत नीट ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो आवाज त्याला सोसवला नाही.

"सर, दादांना गणित येत न्हाई," ती म्हणाली. "तुमाला तर येत होतं."

मग ती उमापुरात खोली बघायला निघून गेली.